सुरुवातीचा डबा

आत्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे त्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. चहा-कॉफीच्या त्या दुकानात ती एकोणतीस वर्षं गल्ल्याशेजारच्या काउंटरवर उभी होती. दुकान तिच्या भावाचं. भाऊ गेल्यावर ते भाच्याकडे आलं, पण गिऱ्हाईक दारातून आत शिरलं की आधी नजरेनं आत्यालाच शोधायचं. भाच्याची ती आत्या, म्हणून सगळ्या बाजाराचीच आत्या झाली. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, जीभ मात्र तशीच लखलखीत.

कुणी भेट घ्यायला आलं की ती आधी उलटतपासणी घ्यायची. कुणासाठी? आज तो माणूस काय पितो? दूध घालून की बिनदुधाचं? घरात पिणारे किती? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, ‘भांडी घासतं कोण?’ या शेवटच्या प्रश्नाला निम्मे लोक हसायचे. आत्या हसायची नाही. जाळीत अडकलेला गाळ रोज काढणारं घरात कुणी नसेल, तर कितीही महागाची वस्तू महिन्याभरात माळ्यावर जाते, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं.

एकदा एक जावई सासऱ्यांसाठी दुकानातलं सगळ्यात मोठं एस्प्रेसो मशीन घ्यायला आला. आत्यानं विचारलं, सासरे सध्या काय पितात. तो म्हणाला, चहा. ‘मग मशीन कोण पिणार?’ असं म्हणून तिनं त्याच्या हातात ताज्या चहापत्तीचा डबा, बारीक जाळीची गाळणी आणि झाकणाची चिनीमातीची किटली ठेवली. जावई तोंड पाडून गेला. सहा महिन्यांनी सासरे स्वतः पत्ती न्यायला आले आणि पुढं दर महिन्याला येत राहिले.

तिचा क्रम पक्का होता. नवख्या माणसाला आधी चांगला माल द्या, म्हणजे ताजी पत्ती किंवा ताज्या भाजलेल्या बिया. मग छोटा वजनकाटा, कारण चमचा खोटं बोलतो, काटा बोलत नाही. मग दळायची हातचक्की, तीसुद्धा दोन चकत्यांमध्ये बी भरडणारी. पात्याचं यंत्र बिया दळत नाही, तुकडे उडवतं, त्यात अर्धं पीठ आणि अर्धे खडे. नुसत्या हिरव्या चहाचा शौक असेल तर पाण्याचं तापमान दाखवणारी किटली, कारण उकळतं पाणी त्या पानाला कडू करतं. गाळणीच्या शंकूत कॉफी करणाऱ्याला बारीक, लांब तोटीची किटली. मशीन सगळ्यात शेवटी. तेही ज्याला रोज दळण थोडं बारीक, थोडं जाड करत बसायचा नाद आहे अशाच माणसाला. बाकीच्यांना तो नाद नसतो, नुसती फुशारकी असते, असं ती तोंडावर सांगायची.

भाचा चौतिशीचा, हुशार आणि घाईचा. त्याला ही उलटतपासणी पटत नव्हती. वर्ष संपत आलं की भेटींचा हंगाम असतो, दारात रांग लागते, आणि आत्या एका गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं घेते. त्या वर्षी त्यानं तीन तयार डबे काढायचं ठरवलं. पुठ्ठ्याचे देखणे डबे, वरून चकचकीत कागद, बाजूला फीत. पहिल्याचं नाव ‘सुरुवात’, दुसऱ्याचं ‘आवड’, तिसऱ्याचं ‘वेड’. सुरुवातीत फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्यानं जाळी खाली दाबायचं कॉफीचं काचेचं भांडं, कॉफीच्या पुडीचा डबा आणि एक चमचा. आवडीत शंकू, गाळणीचे कागद, लांब तोटीची किटली आणि पात्याचं दळणयंत्र. वेडात छोटं एस्प्रेसो मशीन आणि दूध फेसाळायचं भांडं. पूड मात्र तिन्हीत एकच.

ही पूड कुठून आली ते आत्याला ठाऊक होतं. एका हॉटेलानं ती मशीनसाठी दळून मागवली होती आणि ऐनवेळी नको म्हटली होती. तीन महिने मागच्या खोलीत पडून होती. दळण पिठासारखं बारीक.

आत्यानं डबा उघडून चिमूट चोळून पाहिली आणि भाच्याला हाक मारली. हे दळण प्रेसला चालत नाही, असं तिनं सांगितलं. प्रेसला रव्याहून जाड दळण लागतं. ते पाण्यात चार मिनिटं भिजतं, मग दांडा हळू खाली दाबला की जाळी गाळ तळाशी नेते. पीठ घातलं तर जाळी बुजते, दांडा अडतो. माणूस जोर लावतो. आणि जोर लावला की उकळतं पाणी कडेनं वर उडतं, नाहीतर भांडंच उलटतं.

भाचा मोबाईलवर काहीतरी पाहत होता. तो म्हणाला, ‘आत्या, एवढा बारकावा कुणाला कळतो? लोक डबा बघून घेतात.’

‘म्हणूनच आपल्याला कळायला हवा ना,’ ती म्हणाली.

त्यावर त्यानं मान वर केली आणि शांतपणे सांगितलं की हंगाम बुडाला तर चक्कीवरच्या माणसाला आणि झाडणाऱ्या बाईला घरी बसवावं लागेल, मग ते तिनंच त्यांना सांगावं. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चक्कीवाल्याच्या तीन मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या आणि तिनं राग गिळला. मग तिनं निदान प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाकू दे म्हटलं, ‘ही पूड प्रेससाठी नाही, जाड दळण दुकानातून बदलून न्या’ एवढीच. भाचा हसला. आपल्याच मालाविरुद्ध आपल्याच डब्यात चिठ्ठी कोण घालतं, म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी काउंटरवर एक हसतमुख मुलगी उभी राहिली आणि भाच्यानं आत्याला मागच्या खोलीत डबे भरायला बसवलं. काउंटरवर तुझे गुडघे दुखतात, असं कारण दिलं. आत्यानं दातओठ खात एकशेचाळीस डबे भरले. प्रत्येक डब्याला मनातल्या मनात एक शिवी घातली. पण चिठ्ठी घातली नाही. पुढं जे झालं त्यात हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त डाचली. शिव्या घालायला वेळ होता आणि चिठ्ठी घालायला नव्हता, असं ती स्वतःला टोचून म्हणायची.

हंगाम जोरात चालला. डबे हातोहात खपले. भाचा खूश होता, आत्याशी दोनदा मुद्दाम गोड बोलला. आत्या फिती बांधत राहिली.

मग एका मंगळवारी दुपारी शिंप्याची मुलगी दुकानात आली. शिंप्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडं होतं. मुलगी नुकतीच एका दवाखान्यात नोंदणीच्या कामाला लागली होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं ती काउंटरवर ठेवली आणि हसतमुख मुलीला म्हणाली की आत्यांना बोलवा. भाच्यानं मधेच पुढं होऊन काय झालं विचारलं. मुलीनं पिशवीतून प्रेस काढला. काच शाबूत होती, पण दांडा वाकडा झाला होता आणि जाळीवर काळा चिखल चिकटला होता.

पहिल्या पगारातून तिनं वडिलांना भेट घेतली होती. तेव्हा ती आत्याला शोधत आली होती, पण काउंटरवर आत्या नव्हती, आणि समोर ‘सुरुवात’ लिहिलेला सुंदर डबा होता. रविवारी सकाळी वडिलांनी हौसेनं पाणी उकळलं, डब्यावरच्या चित्रात होतं तशी पूड टाकली आणि दांडा दाबला. दांडा निम्म्यावर अडला. शिंप्यानं उभं राहून तळहातानं जोर लावला. गरम कॉफी कडेनं उसळली आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे सुई धरायची नाही.

आत्या आतून हे सगळं ऐकत होती. ती दाराशी येईपर्यंत भाचा बोलायला लागला होता. त्याचा आवाज मवाळ होता. असं व्हायला नको होतं, तो म्हणाला, पण एवढा जोर कुणी लावत नाही, वापरताना थोडी चूक झाली असेल, दुकान नवा डबा देईल. वर त्यानं फीत बांधलेला एक डबा फळीवरून काढून मुलीपुढं ठेवला. हुबेहूब तसाच.

तो दुसरा डबा पाहून आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं तो डबा ओढून घेतला, फीत नखानं तोडली, चकचकीत कागद फाडला. प्रेस काढला, पुडीचा डबा उघडला. दुकानात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तिनं चक्कीवाल्याला कोमट पाणी आणायला सांगितलं. गरम नको, कोमटच, असं दोनदा सांगितलं. मग काट्यावर पूड मोजली, पाणी ओतलं, दांडा वर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. ‘चार मिनिटं थांबा,’ ती म्हणाली.

भाचा एकदा तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, ‘आत्या, आत चल. आपण आत बोलू.’ तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हसतमुख मुलीचं हसू मावळलं होतं. शिंप्याची मुलगी काचेतल्या काळ्या पाण्याकडं एकटक बघत होती.

वेळ झाल्यावर आत्यानं भाच्याचा हात धरून दांड्यावर ठेवला. ‘दाब,’ ती म्हणाली.

त्यानं दाबला. दांडा दोन बोटं खाली गेला आणि थांबला. त्यानं आणखी जोर केला तसं कडेनं पाणी फसकन उडालं आणि त्याच्या शुभ्र शर्टाच्या बाहीवर तपकिरी शिंतोडे आले. त्यानं चटकन हात मागं घेतला.

‘हे कोमट होतं,’ आत्या म्हणाली. ‘त्यांचं उकळतं होतं.’ मग ती मुलीकडं वळली. ‘तुझ्या वडिलांची काही चूक नाही. चूक आमची. डबा मी माझ्या हातानं भरला, आणि भरताना मला माहीत होतं.’

भाच्याचा चेहरा लालभडक झाला. चारचौघांत दुकानाची अब्रू काढलीस, बाबांनी नाव कमावलं ते पाच मिनिटांत धुळीला मिळवलंस, असं तो तडातडा बोलला. आत्या ऐकून घेत होती. वडिलांचं नाव निघालं तेव्हा मात्र तिचा आवाज चढला.

‘तुझ्या बाबांचं नाव घेऊ नकोस. खवट पत्ती पोत्यासकट गटारात ओतणारा माणूस होता तो. नवी पूड दळून दिली असतीस तर काय झालं असतं? अर्धा दिवस चक्की फिरली असती. अर्ध्या दिवसासाठी तू एका शिंप्याचा हात घेतलास, आणि मी मागच्या खोलीत बसून फिती बांधल्या.’

मग तिनं फळीवरचे उरलेले एकोणीस डबे एकेक करून खाली ओढले आणि कात्रीनं फोडले. पुडीचे डबे एका पोत्यात गेले. गिऱ्हाइकांपैकी एक बाई निमूटपणे मदतीला आल्या. भाचा तिथून निघून गेला आणि संध्याकाळपर्यंत परतला नाही.

बिलबुकात प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन नंबर होता, कारण भाच्याला पुढच्या हंगामात सगळ्यांना जाहिरात पाठवायची होती. ‘सुरुवात’ डबे एकसष्ट जणांनी नेले होते. आत्यानं त्या दिवशीच दुकानाचा फोन ओढून मांडीवर घेतला. प्रत्येकाला तेच सांगितलं, की त्या पुडीनं प्रेसमध्ये कॉफी करू नका, डबा घेऊन या, समोर जाड दळून देतो. लोक तऱ्हेतऱ्हेचे. एक साहेब म्हणाले, आमचा दांडा अडला तेव्हा आम्ही सरळ चहा केला. एका बाईनं विचारलं, मग दुसरा डबा फुकट मिळेल का. एका तरुणानं तिलाच शिकवलं की खरा शौकीन प्रेस वापरतच नाही. आत्यानं त्याला ऐकवलं, की खरा शौकीन स्वतःची पूड स्वतः दळतो, तुझ्याकडं चक्की आहे का? दोन दिवसांनी तो हातचक्की विचारत आला.

त्या संध्याकाळी ती शिंप्याच्या घरी गेली. घर त्याच्या दुकानाच्या वरच. जिना अरुंद, खोलीत कापडांच्या चळती, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला कोट. शिंपी खुर्चीत बसला होता, हाताला पट्टी. त्यानं तिला बसा म्हटलं नाही.

आत्यानं जे दुकानात सांगितलं होतं तेच इथं सांगितलं. शिंप्यानं ते पुरतं ऐकून घेतलं.

‘तुम्हाला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘होतं.’

‘मग इथं येऊन काय मिळणार? माफी मागून तुम्हाला हलकं वाटेल. मला तीन आठवडे कोट शिवता येणार नाही.’

शिंपी पुढं बोलला. आवाज चढवून नाही, पण एकेक शब्द कात्रीनं कापल्यासारखा. हाताचं जाऊ द्या, तो म्हणाला. माझी पोर दोन दिवस जेवली नाही. पहिल्या पगाराची भेट, आणि तिला वाटतं तिनंच बापाचा हात भाजला. तो तिचा आनंद तुम्ही कुठल्या डब्यात घालून परत देणार आहात?

मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. आत्या तिच्याकडं वळली आणि नेहमीच्या काउंटरवरच्या आवाजात विचारायला लागली. वडील काय पितात? चहा. किती वेळा? दहा-अकरा वेळा. दुधाचा? हो, कडक. मग कॉफी का घेतलीस? मुलगी म्हणाली, डबा छान दिसला. चहाचा असा डबाच नव्हता. आत्यानं विचारलं, आणि चहा पिताना त्यांना कसला त्रास होतो? मुलगी गोंधळली. शिंपीच तिरसटपणे मधे बोलला, ‘गार होतो. शिवण हातात घेतली की कप विसरतो. तीस वर्षं गार चहा पितोय.’

त्या आठवड्यात तिनं दुकानातून दोन वस्तू काढल्या: दुहेरी भिंतीचा, झाकणाचा, खाली रुंद बुडाचा पेला, कापडाच्या चळतीत सहज लवंडणार नाही असा. आणि कडक पत्तीचा छोटा डबा. द्यायला ती शिंप्याकडं गेली नाही. मुलीला दवाखान्यात गाठलं आणि म्हणाली की हे तू दे, माझं नाव काढू नकोस. भेट तुझी आहे. मुलीनं ते घेतलं, पण म्हणाली, नाव मी काढणार, खोटं नाही बोलणार. आत्याला तिचा राग आला आणि त्याच वेळी ती आवडलीही.

शिंप्यानं पेला घेतला की नाही, हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या आठवड्यात तो परत यंत्रावर बसला. आत्याशी मात्र तो कधीच बोलला नाही. रस्त्यात समोर आला की दुसरीकडं बघतो. आत्याला ते बरोबर वाटतं. सगळ्यांनी आपल्याला माफ करावं असा हट्ट धरणारी माणसं तिला आधीपासूनच आवडत नाहीत.

भाचा तीन महिने तिच्याशी बोलत नव्हता. काय निरोप द्यायचा तो चक्कीवाल्यामार्फत. पण तिला काउंटरवरून हलवायची हिंमत त्यानं पुन्हा केली नाही, कारण फोन केलेल्यांपैकी चाळीसएक जण परत आले होते आणि त्यातले बरेच तिलाच भेटायला. उरलेला हंगाम त्यांच्या रांगेतच गेला. तीन महिन्यांनी एका दुपारी भाचा तिच्याजवळ आला, एका नव्या शंकूसाठी दळण किती ठेवायचं ते विचारलं. तिनं बोटांत चिमूट चोळून दाखवली, बारीक साखरेपेक्षा किंचित जाड. त्यानं नीट पाहिलं, लिहून घेतलं. तिचा राग काही ओसरला नव्हता, आणि त्याचाही.

फोन करायला सुरुवात केली त्या आठवड्यातच एकसष्टपैकी साठ नंबर लागले होते. एक लागत नव्हता. आत्या रोज दुकान उघडलं की आधी तोच फिरवायची. बाराव्या दिवशी पलीकडून एका म्हातारीनं फोन उचलला. नातवानं दिलेला डबा होय, ती म्हणाली, नंबरही माझाच लिहिला वाटतं त्यानं, अजून तसाच आहे कपाटावर, फीतसुद्धा सोडलेली नाही. पण आज शेजारीण येणार आहे, तर उघडावा म्हणते, पाणी ठेवलंच आहे गॅसवर.

‘गॅस बंद करा,’ आत्या म्हणाली. ‘पत्ता सांगा.’

तिनं चक्कीवाल्याकडून पाव किलो जाड दळून घेतलं, ते पिशवीत कोंबलं, आणि गुडघ्यांना, भाच्याला आणि त्या नातवाला मिळून एकच शिवी देत पायात चपला सरकवल्या.